क्लिनिकल पोस्टिंगमध्ये चौघांचा अभ्यास-ग्रुप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फायनल इयरला असताना आम्ही चौघांनी मेडिसिनच्या पोस्टिंगपासून एक ग्रुप चालवला. आता माझी इंटर्नशिप चालू आहे आणि ज्युनियर्सचे तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. सगळा अनुभव सरकारी कॉलेजच्या जनरल वॉर्डातला आहे. तुमच्याकडे युनिटं, वेळा, वॉर्डाची रचना वेगळी असेल, तर तेवढा फरक करून घ्या.

१. ग्रुप करून नेमकं मिळतं काय? वाचायचं तर एकट्यालाच असतं ना?

वाचायचं एकट्यालाच असतं, आणि ते ग्रुपमध्ये करूच नका. ग्रुप हवा तो दोनच गोष्टींसाठी. पहिली, केस मोठ्याने प्रेझेंट करताना मध्येच कोणीतरी अडवणारं हवं. दुसरी, तुमचा हात रुग्णाच्या पोटावर असताना तो बरोबर ठेवलाय की नाही हे बघणारं हवं. या दोन गोष्टी आरशासमोर जमत नाहीत, आणि क्लिनिकमध्ये पंचवीस जणांत तुमचा नंबर महिन्यातून एकदा लागतो.

म्हणून आमचा एकच नियम होता: ग्रुप रुग्णासाठी जमतो, टॉपिकसाठी नाही. ‘आज सिरॉसिस करू’ असं ठरवून चौघं लायब्ररीत बसले की दीड तासात एक जण वाचतो, दोघं मान डोलावतात आणि चौथा चहा आणायला जातो. ‘आज बेड नंबर चौदा’ असं ठरलं की प्रत्येकाला काम असतं.

२. किती जण असावेत?

चार. तीन चालतात. पाचवा आला की तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहतो आणि त्याला काहीच दिसत नाही. जनरल वॉर्डात दोन पलंगांमधली जागा आठवा, तिथे उजवीकडे एक आणि डावीकडे एक एवढेच नीट मावतात. पाच जणांचा घोळका दिसला की सिस्टर हाकलतात, आणि त्यांचं चुकत नाही.

दोघांचा ग्रुप तपासणीला उत्तम, पण एकाला ताप आला की बंद पडतो.

३. मित्रांना घ्यावं की हुशार मुलांना?

दोन्ही नाही. ज्यांची पोस्टिंग तुमच्याच युनिटला आहे आणि जे संध्याकाळी वॉर्डात पोचू शकतात, त्यांना घ्या. रोल नंबरनुसार बॅचेस पडतात, त्यामुळे जिवलग मैत्रीण दुसऱ्या बॅचला असली तर ती त्या महिन्यात ऑर्थोला असणार आणि तुम्ही मेडिसिनला. मग प्रत्येक वेळी ‘तू कधी मोकळी?’ यातच आठवडा जातो.

राहण्याचं ठिकाणही बघा. घरून लोकलने किंवा बसने येणारा एक जण असेल तर रात्री नऊचं ठरवूच नका. मुलींच्या हॉस्टेलची वेळ, मेसची वेळ, ज्याच्या त्याच्या घरचं, हे पहिल्याच दिवशी मांडून घ्या. चौघांमध्ये एकजण मराठी नीट बोलणारा आणि एक मुलगी एवढं मात्र हवंच. का, ते प्रश्न ७ आणि ८ मध्ये आहे.

४. चौघांत कामं कशी वाटायची?

आम्ही चार कामं केली होती आणि ती प्रत्येक बैठकीला एकेक घर पुढे सरकायची.

पहिला *केस घेणारा*. तो हिस्ट्री घेतो, तपासतो आणि प्रेझेंट करतो. केस पेपर त्याने उघडायचा नाही.

दुसरा *आडवा येणारा*. हा परीक्षकाच्या जागी. प्रेझेंटेशन चालू असताना तो अडवतो: ‘हे कशावरून?’ ‘मग हार्ट फेल्युअर का नाही?’ त्याने आदल्या रात्री त्या आजाराचं वाचून यायचं. चौघांत जास्त वाचन यालाच करावं लागतं, आणि सगळ्यांना हीच जागा नकोशी असते.

तिसरा *हातांकडे बघणारा*. तो बोलत नाही. केस घेणारा तपासत असताना त्याने कुठे उभं राहायला हवं होतं, काय उघडं करायला हवं होतं, कोणती पायरी गळली, एवढंच बघतो. हे काम कमी दर्जाचं वाटतं, पण पोस्टिंगच्या शेवटी सर्वांत जास्त याच्यातून शिकलो असं चौघांचंही मत पडलं.

चौथा *वही आणि घड्याळ*. वेळ संपली की तो थांबवतो. वहीत प्रत्येक केसच्या खाली तीनच ओळी: विसरलं काय, चुकलं काय, शोधायचं काय. चौथी ओळ लिहायला परवानगी नाही, कारण मग त्याची नोट्सची वही होते आणि ती कोणी वाचत नाही.

तिघंच असाल तर तिसरं आणि चौथं काम एकाकडे द्या. आडवा येणारा मात्र वेगळाच हवा.

५. वेळापत्रक कसं लावायचं? सकाळी क्लिनिक, दुपारी लेक्चर, मग वेळ कुठे उरतो?

वारांवरून वेळापत्रक लावू नका, युनिटच्या ॲडमिशन डेवरून लावा. ही एक गोष्ट आम्हाला पहिले दोन आठवडे वाया घालवल्यावर कळली.

समजा तुमच्या युनिटचा ॲडमिशन डे मंगळवार आहे. मंगळवारी दिवसभर आणि रात्रभर भरती चालते. बुधवारी सकाळी पोस्ट-ॲडमिशन राउंड, जेआर-१ झोपेविना उभा, प्रत्येक रुग्णाची रक्तं, सोनोग्राफी, एक्स-रे एकाच वेळी चालू. या दिवशी वॉर्डात केस घ्यायला जाणं म्हणजे शिव्या खायला जाणं. रुग्णही अजून धापत किंवा कण्हत असतो.

बुधवारी संध्याकाळी फक्त वहीवाला दहा मिनिटं चक्कर मारतो आणि दोन बेड नंबर ठरवतो. गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला पहिली बैठक होते. तोवर रुग्ण स्थिरावलेला असतो आणि चिन्हं अजून शाबूत असतात. पायांची सूज, फुप्फुसातली घरघर या गोष्टी औषधांनी भराभर कमी होतात, म्हणून शनिवारपर्यंत थांबलात तर ‘काल होतं’ एवढंच ऐकायला मिळतं. दुसरी बैठक रविवारी सकाळी दहाच्या सुमारास. राउंड आटोपलेला असतो, ओपीडी नाही, वॉर्ड शांत. आणि सोमवारी काही ठेवू नका, कारण पुढच्या ॲडमिशन डेसाठी बेड मोकळे करायला बहुतेक डिस्चार्ज त्याच दिवशी होतात.

म्हणजे आठवड्याला दोन बैठका. चार आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये आठ. त्यातल्या एक-दोन लेक्चर, टर्मिनल, कोणाचं तरी लग्न यात जाणारच. सहा झाल्या तरी प्रत्येकाच्या वाट्याला निदान एक केस येते, दोघांना दोन. हा आकडा लहान वाटतो, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण प्रेझेंट केलेली एक केस, ही सकाळच्या क्लिनिकमध्ये मिळणाऱ्यापेक्षा जास्तच आहे.

ही बैठक सकाळच्या क्लिनिकच्या बदल्यात नाही, हे वेगळं सांगायला नको. सध्याच्या नियमांप्रमाणे क्लिनिकल हजेरी ८० टक्के लागते आणि लॉगबुकावरच्या सह्या तिथेच मिळतात.

६. एक बैठक प्रत्यक्षात कशी चालते? एखादी केस सांगाल का?

आमची बैठक पाऊण तास पलंगापाशी आणि अर्धा तास वॉर्डाबाहेरच्या बाकावर अशी चालायची. त्यातली एक सांगते. पोटात पाणी झालेल्या रुग्णाची ही केस फायनलला कुठेही येऊ शकते, म्हणून निवडली.

साधारण पंचेचाळिशीचे काका. पोट महिनाभर वाढतंय, पायांना सूज, भूक नाही. आमचा केस घेणारा वीस मिनिटांत हिस्ट्री घेऊन खूश होता, कारण काकांनी स्वतःहून सांगितलं होतं: ‘पंधरा वर्षं रोज क्वार्टर.’ त्याने लगेच हिशेब मांडला, क्वार्टर म्हणजे १८० मिली, व्हिस्की-रम असेल तर साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल. हिशेब बरोबर होता. पण त्यानंतर त्याने विचारणंच थांबवलं. दारू सापडली की निदान सापडलं, असं आपल्या सगळ्यांचं होतं.

पुढची पंधरा मिनिटं तपासणी. शिफ्टिंग डलनेस बघताना त्याने बेंबीपासून कुशीकडे ठोकत नेलं, आवाज जिथे बद्द झाला तिथे थांबला, आणि बोट उचलून काकांना म्हणाला, ‘या कुशीवर व्हा.’ काका वळले, त्याने लगेच ठोकलं आणि ‘पॉझिटिव्ह’ म्हणून टाकलं. हातांकडे बघणारीने लिहिलेल्या दोन ओळी आजही वहीत आहेत: ‘बोट उचललं. थांबला नाही.’ बोट त्याच जागी ठेवून रुग्णाला विरुद्ध कुशीवर वळवायचं, अर्धा मिनिट जाऊ द्यायचं म्हणजे पाणी खाली उतरतं आणि आतडी वर येतात, आणि मग त्याच बोटावर ठोकायचं. बोट उचललं तर तुम्ही दुसरीच जागा ठोकताय.

प्लीहा त्याला लागली नाही. पोट पाण्याने ताणलेलं असताना नेहमीच्या पद्धतीने हात ठेवून ती लागणं कठीणच. तिथे बोटांनी झटका देऊन पाणी बाजूला सारायचं आणि खालचा अवयव बोटांना आपटतो का ते बघायचं. त्याला हे माहीत होतं, त्या क्षणी आठवलं नाही. ‘विसरलं’ या ओळीत गेलं.

मग बाकावर प्रेझेंटेशन. दुसऱ्याच मिनिटाला आडवा येणारा म्हणाला, ‘आधी पोट वाढलं की आधी पाय सुजले?’ विचारलंच नव्हतं. खरं तर सगळी केस या एका प्रश्नावर उभी आहे. लिव्हरमध्ये साधारणपणे आधी पोट आणि मग पाय, हृदयात आधी पाय आणि मग पोट, किडनीत सकाळी डोळ्यांखाली आणि चेहऱ्यावर. केस घेणारा परत पलंगापाशी गेला. आमच्यात हे चालतं: एकदाच, दोन मिनिटांसाठी, माफी मागून. काका म्हणाले, ‘पोट आधी. पाय मागच्या आठवड्यात.’

पुढचा प्रश्न: ‘जेव्हीपी?’ बघितला नव्हता. केस घेणाऱ्याने वाद घातला की कावीळ आहे, स्पायडर नीव्ही आहेत, तळवे लाल आहेत, मग मानेत काय बघायचं? इथे आम्ही शेवटी केस पेपर उघडला. रक्तातलं अल्ब्युमिन २.४, पोटातल्या पाण्यातलं ०.९. फरक १.५, म्हणजे १.१ च्या वर, म्हणजे पोर्टल हायपरटेन्शन. केस घेणारा म्हणाला, ‘बघ, सिरॉसिस!’ आडवा येणारा म्हणाला, ‘हार्ट फेल्युअरमध्येही हा फरक १.१ च्या वरच येतो.’ खरं आहे ते. दोघांत फरक करायला पाण्यातलं एकूण प्रोटीन बघतात, २.५ च्या खाली असेल तर सिरॉसिसकडे कल, वर असेल तर हृदयाकडे. इथे १.६ होतं. पण परीक्षेत तुमच्या हातात रिपोर्ट नसतो. तिथे तोच फरक रुग्णाची मान दाखवते, फुकटात, अर्ध्या मिनिटात.

शेवटी राहिला टीबी. संध्याकाळचा ताप, वजन घटणं, घरात कोणाला टीबी? आपल्याकडे पोटात पाणी म्हटलं की हा प्रश्न सुटता कामा नये, आणि दारू पिणाऱ्याला टीबी होत नाही असंही नाही. हेही विचारायचं राहिलं होतं. ‘शोधायचं’ या ओळीत आम्ही लिहिलं: सिरॉसिस आणि टीबी दोन्ही एकत्र असतील तर पाण्याचा रिपोर्ट कसा दिसेल? ते ज्याने त्याने घरी वाचलं. पुढच्या बैठकीला पाच मिनिटांत उत्तर सांगून झालं.

एकूण वेळ ७५ मिनिटं. वहीत तीन ओळी. त्या चार आठवड्यांच्या वहीत ‘विसरलं’ या सदरात जेव्हीपी चारदा आहे, आणि चारही वेळा विसरणारा वेगळा आहे.

७. रुग्ण वैतागतात. ‘कालच चार पोरं विचारून गेली’ म्हणतात. मग?

मग जाऊ द्यायचं. नाही म्हणजे नाही, आणि त्यावर तोंड वाकडं करायचं नाही. चांगल्या चिन्हांच्या रुग्णाकडे सकाळपासून तीन बॅचेस जाऊन आलेल्या असतात, आणि त्याचं पोट दुखत असतं.

विचारायची पद्धत साधी ठेवा: आपण शिकणारे आहोत, उपचार आपण ठरवत नाही, तपासू दिलं नाही तरी उपचारांत काही फरक पडणार नाही. शेवटचं वाक्य गाळू नका, कारण अनेकांना वाटतं की पोरांना नाही म्हटलं तर मोठे डॉक्टर रागावतील. जेवणाची वेळ, झोप, नातेवाइकांची भेटीची वेळ सोडा. एका रुग्णाकडे ग्रुप म्हणून एकदाच जा. एका वेळी एकाच जणाने तपासायचं. दुखऱ्या पोटावर चौघांनी पाळीपाळीने हात ठेवायचा नाही.

बाई रुग्ण असेल तर ग्रुपमधली मुलगी पलंगापाशी हवीच, पडदा ओढून. ती नसेल तर सिस्टरांना विनंती करा, आणि तेही जमत नसेल तर दुसरा बेड बघा.

काही रुग्ण सरळ वगळायचे: गुंगीत असलेले, बरळणारे, धाप लागलेले, आयसोलेशनमधले. लिव्हरचा रुग्ण कालपासून दिवसा झोपतोय आणि रात्री जागतोय, असं नातेवाईक सहज बोलून गेले तर केस घेत बसू नका, आधी रेसिडेंटना सांगा. ते एन्सेफॅलोपथीचं पहिलं लक्षण असू शकतं.

८. आमच्या ग्रुपमध्ये एक जण बाहेरच्या राज्यातला आहे. त्याला मराठी येत नाही. त्याची केस दुसऱ्याने घ्यावी का?

नाही, केस त्यानेच घ्यावी. दुसऱ्याने दुभाषा व्हावं, पण शब्दशः. दुभाषा हुशारी दाखवायला लागला की रुग्णाचं ‘छातीत कसंतरी होतं’ हे त्याच्या तोंडून ‘चेस्ट पेन’ होऊन बाहेर पडतं, आणि तिथून केस वेगळ्याच दिशेला जाते.

आणि हा प्रश्न फक्त बाहेरच्यांचा नाही. शहरात वाढलेल्या मराठी मुलांचीही वॉर्डात दांडी उडते. आमच्यात एकाने ‘अंगावरून वारं गेलं’ हे ऐकून गायनॅकची हिस्ट्री सुरू केली होती. त्या आजींना ‘अंगावरून जातंय’ असं म्हणायचं नव्हतं, लकवा झाला होता. ‘फेफरं’ म्हणजे फिट, ‘डोळ्यापुढे अंधारी’ म्हणजे चक्कर नव्हे, आणि ‘गॅस झालाय’ याचा अर्थ ढेकर, छातीत जळजळ किंवा चक्क हार्ट अटॅक, काहीही असू शकतो. वहीच्या मागच्या पानावर असे शब्द जमवत गेलो. पोस्टिंग संपेपर्यंत दीड पान भरलं, आणि आमच्या बाहेरच्या मित्राने तेवढं पान पाठ केलं.

९. वेळ सर्वांत जास्त कुठे वाया जातो?

आमचा तीन ठिकाणी जायचा.

एक, केस शोधण्यात. चौघं वॉर्डभर फिरतात, प्रत्येक केस पेपर चाळतात आणि पाऊण तासाने म्हणतात, ‘आज काही चांगलं नाही.’ म्हणून बेड नंबर आदल्या दिवशी ठरवायचा आणि एक पर्यायी बेड हाताशी ठेवायचा. ‘चांगली केस’ ही कल्पनाच सोडून द्या. साधा न्यूमोनिया, सीओपीडी, डायबेटिसचा पाय यातही पंचाहत्तर मिनिटं कमी पडतात.

दोन, उशिरा येणाऱ्याची वाट बघण्यात. दहा मिनिटांनी सुरू करायचं. तो आला की उरलेलं काम त्याच्याकडे.

तीन, वादात. ‘पुस्तकात असं आहे’, ‘नाही, सरांनी तसं सांगितलं’. हा वाद दोन मिनिटांत मिटला नाही तर वहीवाला ‘शोधायचं’ या ओळीत लिहितो आणि पुढे जातो. बाकावर बसून मोबाइलवर उत्तर शोधायला आमच्यात बंदी होती. एकाने शोधायला घेतलं की चौघंही मोबाइल काढतात, आणि तिथून परत येणारा रस्ता लांबचा आहे.

१०. व्हॉट्सॲप ग्रुप करावा का?

करा, पण त्यात दोनच गोष्टी येऊ द्या: बेड नंबर आणि वेळ. पीडीएफ टाकणाऱ्याला वेगळा ग्रुप करून द्या, तिथे तो सुखी राहील. रुग्णाचं नाव, केस पेपरचा फोटो, चेहरा दिसणारा फोटो अजिबात नाही. एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव छापलेलं असतं, हे लक्षात ठेवा. वहीतही नाव लिहायचं नाही, ‘४५ पुरुष, पोट’ एवढं पुरतं.

११. रेसिडेंटना बोलवावं का? ते कधीच मोकळे नसतात.

‘मॅडम, आम्हाला शिकवाल का?’ असं विचारलंत तर ‘नंतर’ असंच उत्तर येणार, आणि ते नंतर कधी उजाडत नाही. ‘मॅडम, बेड चौदाची प्लीहा आम्हाला लागत नाहीये, तुम्हाला लागते का ते दाखवाल?’ असं विचारलंत तर त्या उभ्याउभ्या तीन मिनिटांत दाखवून जातात. एक बैठक, एक प्रश्न, तोही पलंगापाशी सुटणारा. पोस्ट-ॲडमिशनच्या दिवशी विचारू नका (प्रश्न ५). आणि रक्ताचे नमुने लॅबला पोचवणं, रिपोर्ट आणणं असं काही त्यांनी सांगितलं तर निमूटपणे करा. तेवढी देवाणघेवाण चालते.

१२. चिन्ह एकाला लागतं, दुसऱ्याला लागत नाही. खरं कोणाचं?

आधी दोघांनी एकमेकांना न सांगता तपासायचं आणि वहीवाल्याच्या कानात उत्तर द्यायचं. ‘मर्मर आहे बघ’ असं सांगून स्टेथो दिला की प्रत्येकालाच मर्मर ऐकू येतो. उत्तरं वेगळी आली तर हातांकडे बघणाऱ्याने पद्धत कोणाची चुकली ते सांगायचं. तरीही मिटलं नाही तर तो रेसिडेंटसाठीचा आजचा प्रश्न (प्रश्न ११).

केस पेपरमध्ये लिहिलंय म्हणून ते खरं, असं मात्र धरू नका. भरतीच्या रात्री तीन वाजता लिहिलेली तपासणी आणि तिसऱ्या दिवशीचा रुग्ण यांत औषधांचे दोन दिवस गेलेले असतात. परीक्षेतही तुम्हाला जे लागलं तेच सांगायचं असतं. न लागलेली प्लीहा लागली म्हणून सांगणारा ‘किती बोटं? खाच लागली का?’ या प्रश्नांवर अडकतोच.

१३. एक जण येतच नाही. आणि एक जण आला की तोच बोलत राहतो. काय करायचं?

सलग दोन बैठका न कळवता चुकवल्या की तो पुढच्या पोस्टिंगपर्यंत ग्रुपमध्ये नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवा. नंतर ठरवलंत तर ते त्याच्याविरुद्ध ठरवल्यासारखं होतं. आमच्यातला एक असा गेला, भांडण न होता, आणि सर्जरीच्या पोस्टिंगला परत आला.

बोलत राहणाऱ्याला हातांकडे बघायचं काम द्या. त्या कामाचा नियमच गप्प राहण्याचा आहे (प्रश्न ४). सलग दोनदा दिलं तरी चालतं.

१४. सर्जरी, गायनॅक, पीडियाट्रिक्सला हेच चालतं का?

सर्जरीला वेळापत्रक उलटं करा. तिथे गाठ, हर्निया, थायरॉइड ऑपरेशनच्या आधीच बघायला मिळतात, म्हणून ओटी लिस्ट लागली की त्याच्या आदल्या संध्याकाळी जा. रुग्ण घाबरलेला असतो, आवाज खाली ठेवा. ‘हे कॅन्सर असेल का?’ असला प्रश्न पलंगापाशी एकमेकांना विचारू नका.

गायनॅकला चौघं म्हणून जाऊच नका. प्रसूतिपूर्व तपासणीच्या केसेस दोघींनी किंवा जोडीने घ्या, बाकीच्यांनी बाकावर प्रेझेंटेशन ऐकावं. लेबर रूममध्ये ग्रुपचं काही काम नाही, तिथे ड्युटीप्रमाणे एकेकट्यानेच शिकायचं.

पीडियाट्रिक्सला बैठक अर्ध्या वेळेची. मूल पंधरा मिनिटांच्या वर धीर धरत नाही. आईच्या मांडीवर असतानाच श्वास मोजा, छाती ऐका, आणि घसा, कान सर्वांत शेवटी. तिथे हातांकडे बघणाऱ्याचं एक काम वाढतं: खेळणं हलवणं.

१५. वॉर्ड लिव्हिंगच्या आधी काय बदलायचं?

शेवटचे चार दिवस नेहमीची बैठक नाही. वही उघडायची आणि फक्त ‘विसरलं’ ही ओळ प्रत्येकाने आपापली वाचायची. मग प्रत्येकाला एक अपरिचित बेड, घड्याळ लावून, परीक्षेत मिळतो तेवढाच वेळ. तुमच्या कॉलेजात लाँग केसला किती वेळ देतात ते सीनिअर्सकडून विचारून घ्या. आडवा येणारा यावेळी मध्येच अडवत नाही, शेवटपर्यंत ऐकतो आणि मग पाच प्रश्न विचारतो. आतापर्यंत अडवून घ्यायची सवय झालेली असते, त्यामुळे न अडवता बोलताना पहिल्यांदा सगळेच गडबडतात.

१६. पीजीच्या तयारीचे एमसीक्यू ग्रुपमध्ये करावेत का?

नको. त्यात सर्वांत वेगवान माणूस उत्तर सांगतो आणि बाकीचे ‘हो, मलाही तेच वाटलं’ म्हणतात.

१७. पोस्टिंग संपली की वही कोणाकडे राहते?

यावरून आमच्यात खरंच कुरबूर झाली. शेवटी चार झेरॉक्स काढल्या आणि मूळ वही बाहेरच्या राज्यातल्या मित्राला दिली, मागच्या दीड पानासाठी. तो आता त्याच्या गावी इंटर्नशिप करतोय. तिथे त्या शब्दांचा उपयोग नाही, पण मागितली तरी वही परत देत नाही.